पट्टा निघतो, ताण राहतो

घरातलं माणूस गेलं की फ्रेमसाठी फोटो शोधला जातो, आणि सगळ्यांत चांगला फोटो बहुतेक वेळा सहलीतला निघतो. चेहरा प्रसन्न, नजर समोर. फक्त छातीवरून बॅगेचा पट्टा तिरका गेलेला. ‘तेवढा पट्टा काढून द्या,’ असं सांगून घरचे लोक फोटो स्टुडिओत देऊन जातात. त्यांना वाटतं, पट्ट्यानं शर्टाचा एक तुकडा झाकलाय आणि तो भरला की झालं. पण पट्टा कापड नुसतं झाकत नाही, ते ओढतो, दाबतो आणि सरकवतो. म्हणून काम पट्टा पुसण्याचं कमी आणि त्याची ओढ पुसण्याचं जास्त असतं.

एक नेहमी येणारा नमुना घेऊ. साठीचे गृहस्थ, अंगात पांढरा शर्ट, त्यावर बारीक निळ्या उभ्या रेघा. काळा पट्टा त्यांच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेलाय. उजेड फोटोच्या उजव्या बाजूनं, वरून येतोय, त्यामुळे पट्ट्याच्या खालच्या कडेला सावलीची एक गडद पट्टी पडली आहे. डाव्या छातीवर खिसा आहे आणि त्याचा बटणांकडचा खालचा कोपरा पट्ट्याखाली गेलाय.

फोटोशॉपमध्ये २००२ पासून हीलिंग ब्रश आहे, आणि २०१० पासून आजूबाजूचं पाहून जागा आपोआप भरणारी सोयही आहे. साध्या, सपाट कापडावर त्यांनी भागतं. इथे मात्र दोन अडचणी येतात. हीलिंग ब्रश भोवतालचा रंग आत ओढून घेतो. निवडलेल्या जागेची कड सावलीला लागून असेल, तर तो काळेपणाही आत पसरतो. म्हणून निवड करताना पट्ट्याबरोबर त्याची सावलीही पूर्ण घ्यावी लागते. दुसरी अडचण मोठी आहे. पट्ट्यापाशी येऊन थांबलेल्या चुण्या ही यंत्रणा प्रामाणिकपणे पुढे चालू ठेवते. पट्टा जातो, पण शर्टावर तिरका, कारण नसलेला पीळ उरतो. पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

त्यामुळे आधी कुठलंही साधन न उचलता चुण्या वाचायच्या. फोटोवर एक रिकामा लेअर घ्यावा आणि प्रत्येक चुणीचा माग तिच्या मुळापर्यंत काढावा. जी चुणी बगलेतून, खांद्याच्या शिवणीतून, ताणलेल्या बटणापासून किंवा पोटाच्या गोलाईवरून निघते, ती शरीराची. तिच्यावर निळी रेघ. जी पट्ट्याच्या कडेशी सुरू होते आणि पलीकडे दिसतच नाही, ती पट्ट्याची, तिच्यावर लाल. आपल्या फोटोत बगलेतून निघालेली एक लांब चुणी पट्ट्याखालून जाऊन पोटावर विरते. ती निळी, तिची दोन टोकं जोडायची. खांद्यावर कॉलरकडे गोळा झालेल्या तीन-चार आखूड सुरकुत्या आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना फुगलेली कापडाची कड लाल. त्या जायला हव्यात. हे अर्ध्या तासाचं काम असलं तरी मी ते कधीच टाळत नाही, कारण पुढचे सगळे निर्णय याच रेघांवर उभे असतात.

मग भरणी. छातीची दुसरी बाजू उलटवून इथे बसवण्याचा मोह होतो. ते टाळावं. उलटवलेल्या तुकड्यात उजेडही उलटतो आणि चुणीची सावली खिडकीच्या बाजूला पडू लागते. त्याच बाजूचं, पट्ट्याच्या वरचं किंवा खालचं मोकळं कापड उचलून वेगळ्या लेअरवर ठेवणं बरं. खिशाचा कोपराही असाच जपून करावा लागतो. दिसणारा बाहेरचा कोपरा उलटवून आणला तर शिवणीचा आकार बरोबर जमतो, पण खिशाच्या कडेची बारीक सावली चुकीच्या अंगाला जाते. ती पुसून हातानं दुसऱ्या बाजूला घालायची.

खरी कसोटी रेघांची. बटणपट्टीपासून बगलेपर्यंतच्या रेघा पट्ट्याच्या वर मोजा, मग खाली मोजा. वर अकरा असतील तर खालीही अकराच हव्यात. भरणीत दहा किंवा बारा झाल्या, तर चूक तिथंच पकडली जाते. आकडा जुळला तरी वरची रेघ खालच्या रेघेच्या नेमकी समोर येत नाही, कारण पट्ट्यानं कापड बाजूला सरकवलेलं असतं. ही तफावत पट्ट्याच्या रुंदीतच भरून काढली, तर प्रत्येक रेघेला एकाच तिरक्या ओळीत कोपर फुटतं आणि पट्टा रेघांच्या रूपानं पुन्हा दिसू लागतो. उपाय असा, की पट्ट्याच्या खालचं वीतभर कापडही वॉर्पच्या जाळीनं हळूहळू सरकवायचं, म्हणजे तफावत लांबवर वाटली जाते आणि रेघ एकसंध वाकते. ज्या कापडाला पट्ट्यानं स्पर्शही केलेला दिसत नाही, तेही हलवावं लागतं, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो.

चुणी शेवटी उजेड-सावलीनं घडवायची. मधल्या राखाडी रंगानं भरलेला लेअर Soft Light वर ठेवून, मऊ ब्रशचा प्रवाह तीन ते पाच टक्के ठेवून, तिच्या एका अंगाला उजळ आणि दुसऱ्या अंगाला गडद हात फिरवत जायचं. चुणी मुळाशी अरुंद आणि ठळक असते, पुढे रुंद होते आणि विरते. तिची एक कड जराशी टोकदार, दुसरी मऊ. दोन्ही कडा सारख्याच मऊ केल्या तर कापड रबरासारखं दिसतं. रंगवलेल्या जागी विणीचा पोतही नाहीसा होतो, म्हणून मूळ फोटोइतकाच बारीक दाणा शेवटी तिथं मिसळायचा.

खांद्याची बाह्यरेषा पट्ट्यानं खचवलेली असते. ती थोडी वर उचलून कॉलर सरळ केली की पुरे. खांदाच वर-खाली झाला असेल तर तो तसाच ठेवावा, ती त्या माणसाची उभं राहण्याची ढब आहे. गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीचं काम त्या मानानं सोपं. ती लोंबते, ओढत नाही. फक्त लाल फीत असेल तर पांढऱ्या शर्टावर तिची गुलाबी झाक पडते, तीही काढावी लागते.

तपासणीसाठी फोटो आडवा उलटवून पाहावा, अंगठ्याएवढा करून पाहावा, आणि तात्पुरता कॉन्ट्रास्ट खूप वाढवून पाहावा. जुन्या पट्ट्याच्या जागी गुळगुळीत तिरकी वाट दिसली, किंवा तीच गाठ दोनदा उमटली, तर काम अपुरं आहे. बारकाईनं पाहणारी नजर कपड्यांवर जातेच. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यानं प्रसिद्ध केलेला वेल्सच्या राजकुमारीचा मुलांसोबतचा फोटो वृत्तसंस्थांनी मागे घेतला, तेव्हा छोट्या शार्लटच्या बाहीपाशी न जुळलेली कड हाच चर्चेचा मुख्य मुद्दा होता. बातमीच्या फोटोत असा हात लावायचाच नसतो. घरच्या फ्रेमसाठी, घरच्यांना सांगून, ते चालतं.

एका ठिकाणी मात्र हे सगळं थांबतं. गृहस्थांनी पट्टा मुठीत धरलेला असेल, तर पट्टा गेल्यावर छातीपाशी रिकामी मूठ उरते. त्यासाठी नवा हात रचण्यापेक्षा मी फोटो मुठीच्या वर कापते. फ्रेम लहान होते, खिसा जातो, पण चेहरा, कॉलर आणि वरची दोन बटणं शिल्लक राहतात, आणि घरच्यांनी आजवर कापलेल्या भागाबद्दल विचारलेलं नाही.