उगाच केलं की करावंच लागलं नाही?

आमच्या गटातल्या तिघीजणी यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसल्या आहेत. बचत गटाची बैठक उरकली की आम्ही त्यांच्यासोबत अर्धा तास इंग्रजीला बसतो. मागच्या आठवड्यात रिकाम्या जागांचा सराव होता. एकीने चारही जागांत ‘डिडन्ट नीड टू’ लिहिलं आणि दोन मार्क गेले. ती म्हणाली, “अहो ताई, चारही वाक्यांचा अर्थ ‘गरज नव्हती’ असाच होतो की!” तिचं म्हणणं खरं होतं. अडचण आपल्या ‘गरज नव्हती’मध्येच आहे. मराठीत तो एकच शब्दप्रयोग दोन वेगळ्या गोष्टींना चालतो.

गेल्या महिन्यात आम्ही बैठकीला चाळीस जणींचा भात टाकला आणि आल्या पंधरा. आपण म्हणतो, “एवढा भात करायची गरज नव्हती.” भात तर झाला होता, तो वायाही गेला. आता दुसरं बघा. बँक सखी दारात आली, म्हणून आमच्या एका ताईला तालुक्याला जावं लागलं नाही. त्यावरही आपण म्हणतो, “जायची गरज नव्हती.” इथे मात्र ती गेलीच नाही, एसटीचं भाडंही वाचलं.

इंग्रजीत या दोन्हींसाठी वेगळी रूपं आहेत. काम करून झालं आणि मग कळलं की फुकट गेलं, तर ‘नीडन्ट हॅव’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: वुई नीडन्ट हॅव कुक्ड सो मच राइस. गरजच नव्हती म्हणून काम केलं नाही, तर ‘डिडन्ट नीड टू’ आणि पुढे पहिलं रूप: शी डिडन्ट नीड टू गो टू द बँक.

आमची युक्ती साधी आहे. वाक्याचं मराठी करताना ‘उगाच’ घालून बघायचं. ‘उगाच एवढा भात केला’ हे बरोबर बसतं, म्हणजे नीडन्ट हॅव. ‘उगाच बँकेत गेली’ बसत नाही, कारण ती गेलीच नाही. तिथे ‘जावं लागलं नाही’ बसतं, म्हणजे डिडन्ट नीड टू.

आता तिचे प्रश्न पाहू. पहिलं वाक्य: थँक यू फॉर द टिफिन, बट यू डॅश इट. क्रियापद दिलं होतं ब्रिंग. आभार मानले आहेत, म्हणजे डबा आलेला आहे. उगाच आणलास. उत्तर, नीडन्ट हॅव ब्रॉट. दुसरं: इट वॉज अ हॉलिडे, सो आय डॅश अर्ली. आय स्लेप्ट टिल एट. क्रियापद गेट अप. ती आठपर्यंत झोपली, म्हणजे लवकर उठली नाही. उत्तर, डिडन्ट नीड टू गेट अप. खरी खूण रिकाम्या जागेत नसतेच, ती बाजूच्या वाक्यात असते. काम झालं की नाही ते तिथे सापडतं. आपली ताई नेमकं तेच वाक्य न वाचता पुढे गेली होती.

तिसरं वाक्य आजचं होतं: यू डॅश नाऊ, द बस कम्स ॲट सिक्स. क्रियापद वेट. इथे ‘नीडन्ट वेट’ किंवा ‘डोन्ट नीड टू वेट’, दोन्ही चालतात. फक्त नीडन्टनंतर ‘टू’ लावायचा नाही, ‘डोन्ट नीड’नंतर मात्र तो हवाच. ‘शी नीडन्ट’मध्ये एस येत नाही, पण ‘शी नीड्स टू गो’मध्ये येतो. चौथंही असंच होतं, वेळ घेत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. ‘डिडन्ट नीड टू’ तसं मोघम आहे. काम झालं की नाही, ते स्वतः सांगत नाही. बोलताना लोक झालेल्या कामालाही ते वापरतात, आणि अमेरिकेत तर ‘नीडन्ट हॅव’ फारसं ऐकूच येत नाही. त्यामुळे कुणी असं बोललं तर त्याला चूक म्हणू नका. पण पेपरमध्ये आभार, वाया गेलेलं सामान, ‘बट’ अशी खूण दिसली, तर परीक्षकाला ‘नीडन्ट हॅव’च हवं असतं.

आणि ‘करायला नको होतं’ याच्याशी घोळ करू नका. कुणाचं मन दुखवलं तर ‘बोलायला नको होतं’, तिथे शुडन्ट हॅव, कारण ती चूक झाली. चाळीस जणींचा भात ही काही चूक नव्हती, नुसता जास्तीचा झाला. तो आम्ही दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाल्ला.