ठुशीतलं सोनं

कोल्हापुरी ठुशी काट्यावर ठेवली की आकडा भरघोस दिसतो, पण तो आकडा सोन्याचा नसतो. त्यात रेशमाची किंवा जरीची दोरी असते, मागचा गोंडा असतो, मधल्या पदकातला लाल खडा असतो, जुन्या घडणीत मण्यांच्या पोटात लाखही असते. मण्याचे दोन भाग जोडणारा टाका तर सोन्यासारखाच दिसतो, पण सोन्याइतका शुद्ध नसतो. मंगळसूत्र आणि नथ यांचंही थोड्याफार फरकाने असंच असतं. आपल्याकडे लग्नाच्या दागिन्यांचा हिशोब तोळ्यात करायची सवय आहे, आणि बहुतेक फसवणूक आणि बहुतेक गैरसमज या तोळ्याच्या आकड्यातच दडलेले असतात. म्हणून ठुशी आधी आतून पाहावी.

ठुशीचा मणी पोकळ असतो. सोन्याची लगड रोल मशीनमधून पुन्हापुन्हा काढून तिचा पातळ पत्रा करतात. पत्रा लाटला जातो तसा कडक होत जातो, म्हणून मधूनमधून त्याला ताव देऊन मऊ करावा लागतो. तो कंटाळा कुणी केला तर पत्र्याला कडेने चिरा पडतात. तयार पत्र्याच्या चकत्या कापायच्या, त्या ठशाच्या गोल खळग्यात ठोकून अर्धगोल वाट्या करायच्या आणि दोन वाट्या तोंडाला तोंड लावून टाक्याने जोडायच्या. जोडताना टाकणखार लावतात, कारण तापलेल्या धातूवर काळी साय धरली की टाका पसरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. दोरी ओवायचं भोक आधीच ठेवलेलं असतं. त्याचा दुसरा उपयोगही आहे. पूर्ण बंद मणी तापवला तर आतली हवा फुगून तो फुटेल. जोडून झालेले मणी चिंचेच्या पाण्यात किंवा पातळ आम्लात टाकून काळेपणा काढला की मग कुठे ते पिवळे दिसू लागतात.

खरी मेख टाक्यात आहे. टाका मण्याच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर मणीच वितळेल. शुद्ध सोनं 1064 अंश सेल्सियसला वितळतं. त्यात तांबं आणि चांदी मिसळत गेलं की वितळण्याचा अंश खाली येतो. म्हणजे टाका हा मण्यापेक्षा हलक्या कसाचाच असावा लागतो. सोनाराची ती लबाडी नव्हे, कामाची गरज आहे. अंगठीला एक-दोन टाके पुरतात. ठुशीला मात्र शेकडो मणी, प्रत्येक मण्याला निदान एक जोड आणि वर पदकाच्या कड्या. प्रत्येक मणी 22 कॅरटचा असला तरी अख्खी ठुशी आटवल्यावर कस खाली उतरतो तो याच जोडांमुळे.

यावर तोडगा म्हणून कॅडमियम घातलेला टाका आला. बाजारात आजही ‘केडीएमचं सोनं’ म्हणतात आणि पुष्कळांना तो शुद्धतेचा शिक्का वाटतो, पण तो टाक्याचा प्रकार होता. 92 भाग सोन्यात 8 भाग कॅडमियम घातलं की टाका लवकर वितळतो आणि सोन्याचं प्रमाणही घटत नाही. दागिना विकत घेणाऱ्याला हे सोयीचं होतं, फुंकणी घेऊन बसणाऱ्या कारागिराला नाही. कॅडमियम 767 अंशालाच उकळतं, म्हणजे टाका वितळवताना त्याची वाफ होऊन ती थेट नाकातोंडात जाते आणि फुप्फुसं व मूत्रपिंडं खराब करते. बंद खोलीत दिवसभर टाके लावणाऱ्या माणसाचं यात किती नुकसान झालं असेल याची कल्पना दागिना घालणाऱ्याला क्वचितच असते. आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही. जस्तासारखे दुसरे धातू वापरले जातात. तेव्हा ‘केडीएम आहे’ हे कौतुकाने सांगणाऱ्या दुकानात पुढचे प्रश्न नीट विचारावेत.

मणी तयार झाले की सोनाराचं काम संपतं आणि गाठवणाऱ्याचं सुरू होतं. पटवेकरी मणी एकमेकांना भिडवून ओवतो, इतके गच्च की गळ्याभोवती वळवल्यावरही फट दिसू नये. फार आवळलं तर ठुशी ताठ राहून टोचते, सैल राहिलं तर मणी फिरून टाक्याची बाजू पुढे येते. मागे सरकती गाठ आणि गोंडा असतो, त्यामुळे एकच ठुशी आईच्या आणि लेकीच्या गळ्याला बसते.

आता हिशोब. समजा घरातली एक जुनी ठुशी मोडून नवी करायची आहे. काट्यावर ती 22.600 ग्रॅम भरली. गोंडा आणि दोरी कापून काढली, 1.900 ग्रॅम गेले. पदकातले खडे काढले, आणखी 0.500 गेले. उरले 20.200. हे सगळं मुशीत घालून आटवल्यावर मण्यांतली लाख जळाली, वर्षानुवर्षांचा मळ गेला, आणि हातात 19.300 ग्रॅमची लगड आली. तिचा कस तपासल्यावर 88.5 टक्के निघाला. म्हणजे शुद्ध सोनं 17.080 ग्रॅम. 22 कॅरटच्या भाषेत ते सुमारे 18.650 ग्रॅम होतं. घरच्यांच्या मनात मात्र ‘सव्वादोन तोळ्यांची ठुशी’ असते, आणि चार ग्रॅम सोनाराने खाल्ले असंच त्यांना वाटतं. कधीकधी तो खरोखर खातोही. म्हणूनच दोरी आणि खडे आपल्यासमोर काढायला लावावेत, आटवणीच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिहून घ्यावं आणि लगडीचा कस कुणी, कशाने काढला ते विचारावं. यंत्राने कस पाहताना किरण वरच्या थरापुरतेच जातात, तेव्हा तपासणी अख्ख्या ठुशीवर करण्यापेक्षा आटवलेल्या लगडीवर केलेली बरी.

जुनं म्हणजे शुद्ध, हा समजही सोडावा. जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आलं आणि 14 कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला काही वर्षं बंदी होती. आजीच्या दागिन्याचा कस तो कधी घडला आणि कुणी घडवला यावर ठरतो.

आटवणीतून मग शुद्ध सोनं वेगळं काढायचं काम गलाईवाल्यांचं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यात देशभर पसरली आहेत. दूरदूरच्या शहरांतल्या सराफ बाजारातही गलाईच्या दुकानात मराठी ऐकू येतं. त्यांची रीत जुनी आहे. सोन्यात त्याच्या साधारण तिप्पट चांदी मिसळून ते पातळ करतात आणि नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती चहाच्या गाळासारखी दिसते. आटवली की पिवळीधमक होते. उलटं का करायचं, म्हणजे आधी चांदी का वाढवायची, तर सोनं जास्त असलं की ते चांदीला आपल्या आत कोंडून ठेवतं आणि आम्ल तिच्यापर्यंत पोचत नाही.

नवी ठुशी घेताना काम सोपं आहे, फक्त बिल वाचायला हवं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क सक्तीच्या जिल्ह्यांत सहा अक्षर-अंकांच्या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात. ठुशीवर तो बहुधा पदकाच्या पाठीवर किंवा टोकाच्या कडीवर, भिंगाखाली पाहावा लागेल इतका बारीक असतो. शेजारी बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह आणि 22K916 असा शिक्का दिसला पाहिजे. क्रमांक BIS CARE या ॲपमध्ये घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. ॲप ‘अंगठी’ म्हणत असेल आणि हातात ठुशी असेल, तर तिथेच थांबावं. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, कॅरट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं हवं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना ही सक्ती नाही, आणि लहानशी नथ पुष्कळदा त्यातच बसते.

नथीत सोनं थोडं आणि काम फार. बारीक तारेत एकेक मोती ओवून तो मुख्य तारेला गुंडाळून आवळायचा, मधे लाल-हिरवे खडे बसवायचे. पूर्वी त्यासाठी इराणच्या आखातातले बसराई मोती येत. आज बहुतेक मोती शेतीतले किंवा कृत्रिम असतात आणि दुकानदार तसं सांगत असेल तर त्यात गैर काही नाही. मोत्याचं वजन सोन्याच्या भावात धरलं तर मात्र गैर आहे. नथीची तार 22 कॅरटची असली की ती मऊ पडते, नाकावर पकड राहत नाही. 18 कॅरटची तार जास्त स्प्रिंग धरते. नथ मोडते ती बहुतेक एकाच जागी, जिथे दरवेळी ती वाकवली जाते. त्याच जागी वाकवून-वाकवून धातू कडक होतो आणि एके दिवशी तुटतो. म्हणून आकार बोटाने सारखा सुधारू नये, सोनाराकडून ताव देऊन घ्यावा.

मंगळसूत्र वाढतं त्याचं कारण वेगळं. काळे मणी काचेचे, आणि काच सोन्याहून कठीण. रोज घातलेल्या मंगळसूत्रात प्रत्येक मणी आपल्या भोकाच्या कडेने तार घासत असतो. वाट्यांच्या कड्याही तारेशी घासून आतून झिजतात. बाहेरून त्या गोल दिसतात, पण उजेडात धरल्या की वरची बाजू खालच्यापेक्षा पातळ दिसते. तिथवर आलं की ताबडतोब कडी बदलून तार नव्याने गाठवून घ्यावी. वर्षा-दोन वर्षांतून असं करणाऱ्या बायकांचं मंगळसूत्र लोकलच्या गर्दीत किंवा विहिरीवर सहसा हरवत नाही.

धुण्याच्या बाबतीत रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश हे अजूनही उत्तम आहे, पण सगळ्याच दागिन्यांना नव्हे. मंगळसूत्राच्या वाट्यांच्या पोकळीत हळद-कुंकू आणि साबण साचतो, तिथे रिठा छान काम करतो. लाख भरलेला मणी गरम पाण्यात घातला तर लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते आणि मणी आतून पोकळ होऊन चेपू लागतो. ठुशीची दोरी भिजली तर आतून कुजते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून सावलीत सुकवावी आणि दोरी काळवंडली की बदलावी. मोत्याला रिठाही नको आणि अत्तरही नको. नथ सगळ्यात शेवटी घालावी, सगळ्यात आधी काढावी आणि पुसून मऊ कापडात वेगळी ठेवावी. ब्लीचचं पाणी आणि फुटलेल्या थर्मामीटरचा पारा यांपासून सगळेच दागिने दूर ठेवावेत, पारा लागलेलं सोनं पांढरं पडतं.

आणि दारावर येऊन दागिने उजळून देणाऱ्याला दागिना कधीच देऊ नये. त्याच्या वाटीतल्या द्रवात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन आम्लं एकत्र असू शकतात, आणि त्या मिश्रणात सोनं विरघळतं. बांगड्या चकचकीत होऊन परत मिळतात, तो वाटीतलं पाणी घेऊन निघून जातो, आणि दागिना हलका झालाय हे काट्यावर ठेवेपर्यंत कळत नाही.