वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्र आणि मध्य कसा काढावा?

वाशीम जिल्ह्यात नाल्याकाठची शेते क्वचितच चौकोनी असतात. नाला जिथे आत वळतो, तिथे बांधही आत शिरतो आणि शेताला खाच पडते. अशा शेताचे क्षेत्र अंदाजाने धरले तर बियाणे, खत आणि तणनाशक या सर्वांचा हिशेब चुकतो. प्रत्येक कोपऱ्याची दोन अंतरे मोजली, तर हे क्षेत्र साध्या गुणाकार-वजाबाकीने काढता येते.

मोजणी : समजा, शेताला अ, ब, क, ड, इ असे पाच कोपरे आहेत. दक्षिणेच्या सरळ बांधावर अ पासून ब कडे दोरी ताणा. ही झाली पायारेषा. आता प्रत्येक कोपऱ्यापासून या रेषेवर काटकोनात लंब टाका. काटकोनासाठी ३, ४ व ५ मीटर बाजूंचा दोरीचा त्रिकोण वापरा. अ पासून लंबाच्या पायापर्यंतचे अंतर म्हणजे 'पूर्व' आणि लंबाची लांबी म्हणजे 'उत्तर'. आमच्या उदाहरणात ही अंतरे (मीटरमध्ये) अशी आहेत :

| कोपरा | पूर्व | उत्तर |
|---|---|---|
| अ | ० | ० |
| ब | १०० | ० |
| क | १२० | ८० |
| ड | ६० | ३० |
| इ | १० | ९० |

ड हा आत शिरलेला कोपरा आहे. कोपरे बांधाने चालत गेल्याच्या क्रमानेच लिहावेत. ड व इ यांची अदलाबदल झाली तरी उत्तर पटण्याजोगे येते, पण ते दुसऱ्याच आकाराचे असते. म्हणून आधी आलेख कागदावर आकृती काढून पाहा.

क्षेत्र : प्रत्येक बाजूसाठी पहिल्या कोपऱ्याचे पूर्व गुणिले पुढच्याचे उत्तर करा आणि त्यातून पुढच्याचे पूर्व गुणिले पहिल्याचे उत्तर वजा करा.

ब ते क : १०० × ८० − १२० × ० = ८०००
क ते ड : १२० × ३० − ६० × ८० = −१२००
ड ते इ : ६० × ९० − १० × ३० = ५१००

अ ला लागून असलेल्या दोन्ही बाजूंची वजाबाकी शून्य येते. एकूण बेरीज ११९००. तिचे निम्मे, म्हणजे ५९५० चौरस मीटर, हे शेताचे क्षेत्र. ते ५९.५ आर किंवा सुमारे १ एकर १९ गुंठे होते.

यातील प्रत्येक आकडा म्हणजे अ पासून त्या बाजूपर्यंतच्या त्रिकोणाची दुप्पट आहे. क कडून ड कडे बांध मागे फिरतो, म्हणून तो त्रिकोण आपोआप वजा होतो. उणे चिन्ह विसरून बेरीज केली तर क्षेत्र ७१५० येते. खाच सोडून क ते इ सरळ दोरी धरली तर ते ९००० येते. हेक्टरी ७५ किलो सोयाबीन बियाण्याप्रमाणे पाहिले तर ४४.६ किलोऐवजी ६७.५ किलो बियाणे लागेल असे वाटते.

ताळा करायचा असल्यास दुसरा कोपरा शून्य धरून पुन्हा हिशेब करा. क्षेत्र तेवढेच आले पाहिजे. कोपरे उलट दिशेने घेतले तर बेरीज उणे येते. क्षेत्रासाठी ते चिन्ह सोडून द्यावे.

मध्य : पाच कोपऱ्यांची सरासरी काढली तर पूर्व ५८, उत्तर ४० येते. आकृतीवर पाहा, हा बिंदू शेताबाहेर, नाल्याच्या खाचेत पडतो. खरा मध्य म्हणजे गुरुत्वमध्य. त्यासाठी वरील प्रत्येक आकडा त्या बाजूच्या दोन्ही टोकांच्या पूर्व अंतरांच्या बेरजेने गुणा.

८००० × २२० − १२०० × १८० + ५१०० × ७० = १९०१०००

याला ११९०० च्या तिपटीने, म्हणजे ३५७०० ने भागा. उत्तर ५३.२ मीटर. उत्तर अंतरांचा असाच हिशेब केल्यास ११२०००० भागिले ३५७००, म्हणजे ३१.४ मीटर येते. येथे मात्र चिन्हे शेवटपर्यंत कायम ठेवावीत. पुठ्ठ्यावर प्रमाणात आकृती कापून या बिंदूखाली सुईचे टोक धरले, तर पुठ्ठा तोलून राहतो. सोयाबीनची सुडी रचण्यास ही जागा सोयीची. पण नालाकृती शेतात गुरुत्वमध्यही शेताबाहेर पडू शकतो.

वाटणीत सावधान : मध्यातून बांध घातला की दोन सारखे हिस्से होतात, हा समज चुकीचा आहे. या शेतात ५३.२ मीटरवर दक्षिणोत्तर बांध घातला तर पश्चिमेस सुमारे ३२२० आणि पूर्वेस २७३० चौरस मीटर राहतात. म्हणजे एका भावाला जवळजवळ ५ गुंठे जास्त जातात. सारखी वाटणी ४७.४ मीटरवर होते. दोन्ही भागांचे कोपरे घेऊन वरच्याच रीतीने क्षेत्र काढा, म्हणजे खात्री पटेल.

ही रीत घरच्या हिशेबासाठी आहे. हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.