‘नको’ म्हणायची सोय

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी पाच महिन्यांच्या कंत्राटावर काम केलं. पहिल्याच दिवशी तिथल्या एका मुलाने मला दारापाशी भिंतीवर लावलेल्या, जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रासमोर उभं केलं. ‘सर, चष्मा काढा. सरळ बघा. आता थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे.’ पंधरा-वीस सेकंदांत टिंग वाजलं आणि माझी नोंदणी झाली. कुठेही सही घेतली नाही, काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. काम संपल्यावर हिशेबाचे कागद आणायला पुन्हा गेलो, तेव्हा तिसरा महिना उलटून गेला होता. दारात उभा राहिलो, तर यंत्राने माझा जुना कर्मचारी क्रमांक दाखवला आणि हजेरी लावून टाकली. ‘सर, तुमचं नाव तर सॉफ्टवेअरमधून केव्हाच काढलंय,’ तो मुलगा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. सॉफ्टवेअरमधून काढलं होतं, यंत्रातून नाही.

हा गोंधळ समजून घ्यायचा तर त्या डब्यात काय चालतं ते पाहायला हवं. नोंदणीच्या वेळी कॅमेरा फोटो घेतो. चित्रात चेहरा नेमका कुठे आहे ते यंत्र आधी शोधतं, मग डोळे, नाक, ओठांचे कोपरे यांच्या जागा धरून चेहरा सरळ करून घेतं. हा सरळ केलेला चेहरा एका गणिती प्रारूपातून जातो. ते प्रारूप आधीच लाखो चेहऱ्यांवर शिकवून तयार केलेलं असतं आणि त्यातून बाहेर पडते आकड्यांची एक ओळ. गूगलच्या संशोधकांनी 2015 साली मांडलेल्या ‘फेसनेट’मध्ये ही ओळ 128 आकड्यांची होती, आज पुष्कळ ठिकाणी 512 आकड्यांची असते. त्यातला अमुक आकडा म्हणजे नाकाची लांबी, तमुक म्हणजे कपाळ, असं काही नसतं. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या ओळी एकमेकींच्या जवळ याव्यात आणि दोन वेगळ्या माणसांच्या लांब राहाव्यात, एवढंच त्या प्रारूपाला शिकवलेलं असतं. या ओळीला धंद्यात ‘टेम्प्लेट’ म्हणतात.

रोज सकाळी यंत्रापुढे उभं राहिलं की नवी ओळ तयार होते आणि साठवलेल्या ओळींशी तिचं अंतर मोजलं जातं. अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असलं की हजेरी लागते. ही मर्यादा कुणीतरी माणसानेच ठरवलेली असते. ती ढिली ठेवली तर दुसऱ्याच्या नावावर हजेरी लागू शकते, आवळली तर पावसात भिजून आलेला, दाढी वाढवलेला किंवा उन्हाकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस ‘ओळख पटली नाही’ म्हणून ताटकळतो आणि त्याला लेटमार्क बसतो. कॅमेऱ्यासमोर फोटो धरून प्रॉक्सी लावता येऊ नये म्हणून बरी यंत्रं इन्फ्रारेड कॅमेऱ्याने किंवा पापण्यांच्या उघडझापीवरून समोरचा चेहरा जिवंत आहे का हे तपासतात. स्वस्त यंत्रांत ही तपासणी कच्ची असते.

इथे एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. यंत्र चुकण्याची शक्यता पटावर किती नावं आहेत त्यावर अवलंबून असते. समजा, दोन अनोळखी चेहरे चुकून जुळण्याची शक्यता एका तुलनेत दहा हजारांत एक आहे. आकडा फार लहान वाटतो. पण ज्याची नोंदणीच नाही असा एखादा माणूस 60 जणांच्या वर्गाच्या यंत्रापुढे उभा राहिला, तर यंत्र 60 तुलना करतं आणि तो कुणाच्या तरी नावावर खपून जाण्याची शक्यता सुमारे 0.6 टक्के होते. हेच यंत्र 1200 मुलांच्या शाळेच्या फाटकावर लावलं, तर ती 11 टक्क्यांच्या वर जाते. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. आधी कार्ड टेकवायचं किंवा क्रमांक दाबायचा आणि यंत्राने फक्त त्या एका नावाशी चेहरा ताडून पाहायचा. मग तुलना एकच होते. तरीही पुष्कळ ठिकाणी हा टप्पा गाळतात, कारण रांग लवकर सरकते. शाळांत आणखी एक अडचण असते. मुलांचे चेहरे भराभर बदलतात, पाचवीतली नोंदणी आठवीत तोकडी पडते आणि भावंडं एकमेकांच्या नावावर जाऊ शकतात.

आता माझ्या त्या जुन्या क्रमांकाकडे येऊ. अशा व्यवस्थेत साधारण चार गोष्टी साठतात: नोंदणीचा मूळ फोटो, टेम्प्लेट, रोजच्या येण्या-जाण्याच्या वेळा आणि पुष्कळ यंत्रांत दर पंचिंगच्या वेळचा नवा फोटो. त्या राहतात तीन ठिकाणी: भिंतीवरच्या यंत्रात, कार्यालयातल्या संगणकावर आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या क्लाउडमध्ये. नेट बंद असलं तरी हजेरी लागावी म्हणून यंत्रात टेम्प्लेटची स्वतःची प्रत असते. संगणकावरून नाव काढलं आणि यंत्राला तो आदेश गेलाच नाही, तर ती प्रत तशीच राहते. माझं तेच झालं होतं.

‘आम्ही फोटो ठेवतच नाही, फक्त आकडे ठेवतो,’ हे उत्तर सर्रास मिळतं. ते पारखून घ्यावं. एका कंपनीचं टेम्प्लेट दुसऱ्या कंपनीच्या प्रारूपाला वाचता येत नाही, आणि त्याच कंपनीने प्रारूप सुधारलं तरी जुन्या ओळी निकामी होतात. तेव्हा सगळ्यांना पुन्हा यंत्रापुढे उभं करायचं, नाहीतर जपून ठेवलेल्या फोटोंवरून नव्या ओळी बनवायच्या. दुसरा मार्ग सोयीचा असल्याने मूळ फोटो ठेवून देण्याचा मोह मोठा असतो. शिवाय नुसत्या आकड्यांवरूनही मूळ माणसासारखा दिसणारा चेहरा पुन्हा उभा करता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलेलं आहे.

ही नुसती शंका नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ‘बायोस्टार 2’ या दार-नियंत्रण प्रणालीचा साठा इंटरनेटवर उघडा पडल्याचं सुरक्षा-संशोधकांना आढळलं. त्यात दहा लाखांहून जास्त लोकांचे बोटांचे ठसे होते, चेहरा-ओळखीची माहिती होती आणि साध्या अक्षरांत लिहिलेले पासवर्डही होते. पासवर्ड त्याच दिवशी बदलता येतो. ठसे आणि चेहरा बदलण्याची सोय कुणाकडेच नाही.

संमतीच्या प्रश्नावर मला सगळ्यात बोलका वाटतो तो स्वीडनमधला एक छोटा खटाटोप. शेलेफ्तेओ नावाच्या गावातल्या एका उच्च माध्यमिक शाळेने 2018 च्या शरद ऋतूत तीन आठवडे 22 विद्यार्थ्यांची हजेरी कॅमेऱ्याने घेऊन पाहिली. दर तासाला हजेरीत दहा मिनिटं जातात, वर्षाकाठी शिक्षकांचे 17 हजारांहून जास्त तास वाया जातात, असा पालिकेचा हिशेब होता. हिशेब खोटा नव्हता. वर्गात नावं घेऊन घसा कोरडा केलेल्या कुठल्याही बाईंना तो पटेल. पालकांची संमतीही रीतसर घेतलेली होती. तरीही ऑगस्ट 2019 मध्ये तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने पालिकेला दोन लाख स्वीडिश क्रोनरचा दंड केला. प्राधिकरणाचं म्हणणं असं, की विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, म्हणून अशा नात्यात दिलेला होकार मोकळेपणाने दिला असं धरता येत नाही. शिवाय वर्गात कोण आलं एवढंच कळायचं होतं आणि त्याला चेहऱ्याची गरज नव्हती.

नोकरीतही हेच नातं असतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘सर्को लेझर’ या कंपनीला 38 क्रीडा-केंद्रांवरच्या दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची चेहरा आणि ठशांवरची हजेरी थांबवायला सांगितलं. कार्ड किंवा टॅग असा साधा पर्याय कर्मचाऱ्यांपुढे नीट ठेवलेलाच नव्हता.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. संमती मोकळी, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली आणि बिनशर्त असावी असं कायदा म्हणतो. मात्र तोच कायदा ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ मालकाला संमतीशिवाय माहिती वापरू देतो. त्यामुळे आपल्या कर्मचाऱ्याच्या हातातला ‘नको’ युरोपातल्या कर्मचाऱ्यापेक्षा पुष्कळ अशक्त आहे. मला ही पळवाट फारच रुंद वाटते. हजेरी हे नोकरीचं प्रयोजन आहे, यात वाद नाही. पण ती चेहऱ्यानेच का घ्यायची, हे मालकाला कुणी विचारावं, याचं उत्तर त्या वाक्यात सापडत नाही.

मुलांसाठी कायदा कडक दिसतो. वय 18 च्या आत असलेल्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत नको. पण नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती यातून सूट दिली आहे. हजेरी त्या सुटीत बसते असं शाळा म्हणतील. समजा बसली, तरी तोच चेहरा उद्या कॅन्टीनच्या बिलाला, बसच्या दाराला किंवा वर्गात मूल लक्ष देतं का हे मोजायला वापरला, तर ते हजेरीचं काम राहत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेत शाळेने यंत्राची गोष्ट काढली, तर फक्त किंमत विचारून थांबू नका. मूळ फोटो ठेवणार की नोंदणी झाल्यावर पुसणार, क्लाउड कुणाचा, मुलाने शाळा सोडल्यावर यंत्रातली प्रत किती दिवसांत जाईल आणि ती गेल्याचं आम्हाला कसं कळेल, हे विचारा. उत्तरं लेखी मागा. संमती घेताना द्यायची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, म्हणजे ती मराठीतही मागता येते. आणि ज्या मुलाचे आई-वडील ‘नको’ म्हणतील, त्याच्यासाठी हजेरीपट चालू ठेवणार का, हे तर सभेतच सगळ्यांसमोर विचारून घ्या.