कॅशबॅकला तुमचे काय काय कळायला हवे?

गेल्या दिवाळीत आमगावच्या माझ्या भाचीने ऑनलाइन मिक्सर मागवला. मंडईला पाहुणे येणार होते, त्याआधी तो घरी यायला हवा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून तिने एक कॅशबॅक अ‍ॅप उतरवले. तीन हजारांच्या खरेदीवर नव्वद रुपये परत, असे त्यात लिहिले होते. अ‍ॅपने एसएमएस वाचायची आणि संपर्कयादी बघायची परवानगी मागितली. "मामाजी, हो म्हटल्याशिवाय पुढे जातच नव्हतं," ती म्हणाली.

नव्वद रुपयांसाठी त्या अ‍ॅपला हे सारे खरोखर लागत होते का? कॅशबॅक येतो कुठून, हे पाहिले की उत्तर मिळते. तुम्ही अ‍ॅपमधून दुकानात जाता, तेव्हा त्या लिंकला एक खुणेचा क्रमांक जोडलेला असतो. खरेदी झाली की दुकान त्या क्रमांकाशी ऑर्डर जुळवते आणि ग्राहक आणल्याबद्दल अ‍ॅपला दलाली देते. दलाली चार टक्के धरली, तर तीन हजारांवर एकशे वीस रुपये होतात. त्यातले नव्वद तुम्हाला, तीस अ‍ॅपला. वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत हे पैसे ‘प्रलंबित’ दिसतात, कारण मिक्सर परत गेला तर दलालीही मिळत नाही.

म्हणजे अ‍ॅपला लागतो तुमचा खातेक्रमांक किंवा यूपीआय आयडी, संपर्कासाठी मोबाइल नंबर अथवा ईमेल, आणि ऑर्डरची रक्कम व स्थिती. एवढ्यावर हिशेब पुरा होतो. भाचीच्या एसएमएसमध्ये मात्र बँकेतली शिल्लक होती, भावोजींच्या धानाचे चुकारे जमा झाल्याचा संदेश होता, शिवाय येणारा प्रत्येक ओटीपी. गूगलने २०१९पासून प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपना एसएमएस वाचण्यावर कडक मर्यादा घातली. लिंकवरून थेट उतरवलेले अ‍ॅप त्या चाळणीतून गेलेलेच नसते.

संगणकावर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने होते. तिथे कूपन शोधणारे एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडतात. तुम्ही कोणत्या दुकानाच्या पानावर आहात, हे कळल्याशिवाय त्याला कूपन सुचवता येत नाही. म्हणून ते परवानगी मागते: `Read and change all your data on all websites`. यात दुकानासोबत बँकेचे आणि दवाखान्याचे पानही आले.

याचा गैरफायदा कसा घेतला जातो, ते अवास्टच्या प्रकरणात उघड झाले. या अँटिव्हायरस कंपनीचे सेफप्राइस नावाचे एक्स्टेन्शन स्वस्त भाव आणि कूपन दाखवत असे. अवास्टची एक्स्टेन्शन्स लोकांनी पाहिलेल्या पानांचा तपशील कंपनीकडे पाठवतात, हे व्लादिमीर पालांत या सुरक्षा संशोधकाने २०१९मध्ये दाखवून दिले. डिसेंबरमध्ये मोझिलाने सेफप्राइससह चार एक्स्टेन्शन्स आपल्या दालनातून काढली. जानेवारी २०२०मध्ये बातम्या आल्या की अवास्टची जंपशॉट ही उपकंपनी असा डेटा विकत होती. त्याच महिन्यात ती बंद करत असल्याचे अवास्टने जाहीर केले. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचे जाहीर केले. नावे काढून टाकली आहेत, असा कंपनीचा बचाव होता. पण प्रत्येक ब्राउझरला एक कायम क्रमांक दिलेला होता, आणि एकाच क्रमांकाखाली कोणी काय शोधले, कुठे गेले याची साखळी जुळली की माणूस ओळखायला नावाची गरज उरत नाही. मला या प्रकरणातली ही बाब सर्वांत गंभीर वाटते.

मग ओळखायचे कसे? प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर `Data safety` हा भाग असतो. तो जरूर वाचावा, पण ती माहिती अ‍ॅप बनवणाराच भरतो. त्यापेक्षा फोनच्या सेटिंग्जमधली परवानग्यांची यादी अधिक खरे सांगते. कॅशबॅक अ‍ॅपला एसएमएस, संपर्क किंवा `Accessibility` दिलेले दिसले, तर ते बंद करावे. शेवटच्या परवानगीने अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या पडद्यावरचा मजकूरही वाचता येतो. बंद केल्यावर अ‍ॅप चालायलाच नकार देत असेल, तर त्याला कॅशबॅकपलीकडचे काही हवे आहे असे समजावे. लिंक दाबल्यावर दुकानाचे स्वतःचे अ‍ॅप किंवा नेहमीचा ब्राउझर उघडतो का, हेही पाहावे. कॅशबॅक अ‍ॅपच्याच आत दुकान उघडले, तर तिथे टाईप केलेले त्या अ‍ॅपला टिपता येऊ शकते. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन `On click` निवडले, की तुम्ही बटण दाबाल त्याच पानापुरते ते पाहू शकते.

भाचीने परवानग्या काढल्या, मग अ‍ॅपमधले खाते मिटवण्याचा अर्ज केला आणि शेवटी अ‍ॅप काढले. हा क्रम मुद्दाम ठेवला, कारण नुसते अ‍ॅप काढल्याने कंपनीकडे गेलेली माहिती पुसली जात नाही. नंतर बँकेच्या व्यवहारांची यादी आम्ही दोघांनी ओळीने तपासली. अनोळखी व्यवहार सापडला नाही. नव्वद रुपये तेव्हा प्रलंबितच होते. ते सोडून द्यायला ती लगेच तयार झाली.