टनामागे युनिट किती? कारखान्याच्या विजेचा खरा हिशेब

कारखान्यात विजेचा वापर मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे महिन्याच्या युनिटांना महिन्याच्या उत्पादनाने भागणे. टनामागे किती युनिट लागले हा एकच आकडा त्यातून मिळतो आणि त्यावरून महिना चांगला की वाईट हे ठरवले जाते. हा आकडा अनेकदा फसवतो, कारण विजेचा एक भाग उत्पादनाबरोबर कमी-जास्त होतो आणि दुसरा भाग उत्पादन कितीही असले तरी लागतोच. या दोन भागांची फोड करण्याचे साधे साधन म्हणजे रिग्रेशन रेषा.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत बिडाचे ओतकाम करणाऱ्या अनेक फाउंड्री आहेत. अशा फाउंड्रीत धातू वितळवणारी इंडक्शन भट्टी सर्वांत जास्त वीज खाते आणि तिची वीज वितळलेल्या धातूच्या प्रमाणात वाढते. कॉम्प्रेसर, धूळ ओढणारे पंखे, भट्टी थंड ठेवणारे पंप आणि दिवे यांचे मात्र तसे नसते. पाळी सुरू झाली की ते चालू होतात, मग त्या दिवशी दहा टन माल निघो की पंधरा.

समजण्यासाठी एका मध्यम फाउंड्रीचे नमुन्यादाखल आकडे घेऊ. उत्पादन म्हणजे तपासणीत पास झालेले कास्टिंग.

| महिना | उत्पादन (टन) | वीज (युनिट) | टनामागे युनिट |
|---|---|---|---|
| एप्रिल | २८० | ३,१६,००० | १,१२९ |
| मे | ३२० | ३,५४,००० | १,१०६ |
| जून | २४० | २,७०,००० | १,१२५ |
| जुलै | २०० | २,४२,००० | १,२१० |
| ऑगस्ट | ३६० | ३,७४,००० | १,०३९ |
| सप्टेंबर | ४०० | ४,२४,००० | १,०६० |

शेवटचा रकाना पाहिला तर जुलै सर्वांत वाईट आणि सप्टेंबर उत्तम महिन्यांपैकी एक वाटतो. आता आलेखाच्या आडव्या अक्षावर उत्पादन आणि उभ्या अक्षावर वीज घेऊन हे सहा बिंदू मांडले, तर ते एका तिरक्या रेषेच्या आसपास पडतात. बिंदूंपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी रेषा काढायची. ही ‘लघुतम वर्ग’ पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र याने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. आज एक्सेलमध्ये ते काम तीन सूत्रांत होते. उत्पादन B रकान्यात आणि वीज C रकान्यात असेल तर:

```
=SLOPE(C2:C7,B2:B7)
=INTERCEPT(C2:C7,B2:B7)
=RSQ(C2:C7,B2:B7)
```

वरच्या आकड्यांसाठी उत्तरे येतात ९००, ६०,००० आणि ०.९९. म्हणजे रेषा अशी:

महिन्याची वीज = ६०,००० + ९०० × टन

९०० हा रेषेचा चढ आहे: एक टन माल वाढला की सुमारे ९०० युनिट वाढतात. अनेक इंडक्शन भट्ट्यांत एक टन बीड वितळवायला ५५० ते ६५० युनिट लागतात. ओतलेल्या धातूतला सुमारे दोन तृतीयांश भागच चांगले कास्टिंग म्हणून बाहेर पडत असेल, तर एक टन मालासाठी दीड टन धातू वितळवावा लागतो. त्यामुळे चढ ९०० च्या आसपास येणे स्वाभाविक आहे. रिजेक्शन वाढले की हा चढही वाढतो. ६०,००० हा स्थिर भाग आहे. तिसरा आकडा विजेतला किती चढउतार उत्पादनामुळे होतो ते सांगतो. तो १ च्या जवळ असेल तर रेषेवर भिस्त ठेवता येते.

या रेषेने महिन्यांचा निकाल बदलतो. जुलैत २०० टनांसाठी २,४०,००० युनिट अपेक्षित होते आणि २,४२,००० लागले. म्हणजे कामात काही बिघडले नव्हते, फक्त स्थिर भाग थोड्या टनांवर वाटला गेला. सप्टेंबरला ४,२०,००० अपेक्षित होते आणि ४,२४,००० लागले. टनामागचा आकडा चांगला दिसूनही तो महिना रेषेच्या वर, जुलैपेक्षाही किंचित जास्त आहे.

उद्दिष्ट ठरवताना हाच फरक महत्त्वाचा ठरतो. ‘सप्टेंबरला जमले, तर दर महिन्याला १,०६० युनिटच लागले पाहिजेत’ असे ठरवले, तर २०० टनांच्या महिन्याला २,१२,००० युनिट मिळतील. रेषेनुसार लागतात २,४०,०००. ते उद्दिष्ट कामगार कितीही झटले तरी गाठता येणार नाही. उलट सहा महिन्यांची सरासरी १,१०० धरली, तर ४०० टनांच्या महिन्याला ४,४०,००० युनिट माफ होतात आणि २०,००० युनिटांची नासाडी कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मापदंड हा एक आकडा नसावा, त्या महिन्याच्या उत्पादनावरून रेषेने दिलेली अपेक्षा असावी. इथे बिंदू रेषेपासून साधारण १०,००० युनिटांपर्यंत इकडेतिकडे जातात. तेवढा फरक नेहमीचा समजायचा, त्यापलीकडे गेला की कारण शोधायचे.

समजा, सप्टेंबरअखेर हवेच्या पाइपांतली गळती बंद केली. ऑक्टोबरला ३२० टनांसाठी ३,४८,००० अपेक्षित असताना ३,३६,००० लागले. नोव्हेंबरला २६० टनांसाठी २,९४,००० ऐवजी २,८४,०००, आणि डिसेंबरला ३४० टनांसाठी ३,६६,००० ऐवजी ३,५५,०००. दर महिन्याचा फरक पुढे बेरजेत धरत गेले की तीन महिन्यांत ३३,००० युनिटांची बचत दिसते. उत्पादन बदलूनही बचत जवळपास सारखीच आहे, म्हणजे ती स्थिर भागात झाली. भट्टीच्या कामात सुधारणा झाली असती, तर जास्त टनांच्या महिन्यात बचतही जास्त दिसली असती.

रेषा चुकण्याची कारणे बहुधा नोंदींतच असतात. मीटरचे रीडिंग बारा तारखेला आणि उत्पादनाची नोंद महिनाअखेरीस होत असेल, तर बिंदू उगाच विखुरतात. यासाठी पहिल्या तारखेला मीटर स्वतः वाचावा. छपरावर सौर पॅनेल असतील तर बिलातले युनिट खऱ्या वापरापेक्षा कमी असतात, तेव्हा सौर वीज त्यात मिळवावी आणि ग्रिडला परत दिलेली वजा करावी. जनरेटरची वीजही धरावी. माल कधी जड, कधी नाजूक असेल, तर पास झालेल्या टनांबरोबर वितळवलेल्या धातूचीही वेगळी नोंद लागते.

रेषेची मर्यादाही ओळखावी लागते. वरची रेषा २०० ते ४०० टनांच्या अनुभवातून आली आहे, म्हणून १०० टनांच्या महिन्यासाठी ती वापरणे धोक्याचे. ६०,००० हा स्थिर भागही शून्य उत्पादनाच्या दिवसाची वीज नव्हे, कारण पाळी चालू असतानाच फिरणारे पंखे आणि पंप त्यात आहेत. बंद दिवशीचे रीडिंग घेतले की त्यातला कोणता भाग रिकाम्या कारखान्यातही जळतो ते कळते. सहा बिंदू हे उदाहरणापुरते आहेत. प्रत्यक्षात निदान बारा महिन्यांच्या नोंदी असाव्यात, आणि भट्टी बदलली किंवा नवा विभाग सुरू झाला की जुनी रेषा बाजूला ठेवून नवी काढावी.