‘ये.’ म्हटलं की राग आला असं समजायचं का?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहणाऱ्या मावशीला भाची विचारते, “मावशी, रविवारी संध्याकाळी येऊ का?” उत्तर येतं, “ये.” भाचीला वाटतं, मावशी रागावली. मावशीने मात्र शाळेत शिकवलं तसं वाक्य पूर्ण करून टिंब दिलं, इतकंच. असा घोटाळा आता घरोघरी होतो आणि त्याभोवती काही ठाम समजुतीही तयार झाल्या आहेत.

गैरसमज: मेसेजच्या शेवटी पूर्णविराम म्हणजे राग.

कागदावर पूर्णविरामाचं मुख्य काम असतं, वाक्य कुठे संपलं ते दाखवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते काम आधीच झालेलं असतं, कारण मेसेज पाठवला की चौकट बंद होते आणि वाक्यही संपतं. मग शेवटचं टिंब गरजेचं उरत नाही, आणि जे गरजेचं नाही ते कुणी मुद्दाम दिलं की वाचणारा त्यात हेतू शोधतो.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले होते आणि त्यांतली उत्तरं एकेका शब्दाची होती. मेसेजमधल्या उत्तराला पूर्णविराम असला की ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं, तर टिंबाने फरक पडला नाही. इथे दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. विद्यार्थ्यांना विचारलं होतं ते उत्तर मनापासूनचं वाटतं का, माणूस रागावलाय का हे नव्हे. आणि सगळी परीक्षा इंग्रजीतल्या एका शब्दाच्या उत्तरांची होती.

मराठीत आणखी एक बाब येते. आपण बोलताना जिव्हाळा शब्दाच्या शेपटाला लावतो: ये ना, हो गं, बरं का, चालेल की. “ये.” रुक्ष वाटतं ते टिंबामुळे थोडं आणि ‘गं’ गळाल्यामुळे जास्त. “ये गं.” वाचून पाहा. टिंब तसंच आहे, पण मावशी रागावलेली वाटत नाही. आणि “ये गं. येताना औरंगपुऱ्यातून भाजी आण. जेवूनच जा.” यात तीन टिंबं असूनही कुणाला काही खटकणार नाही, कारण इथे ती वाक्यं वेगळी करायला लागतातच. म्हणून शंका येण्याची खरी जागा लहान आहे: एखाद-दोन शब्दांचं उत्तर, तेही जवळच्या माणसाला आणि नेहमी टिंब न देणाऱ्याकडून आलेलं. आईच्या प्रत्येक मेसेजला टिंब असेल, तर आजच्या टिंबातून काहीच कळत नाही. ती एरवी देत नसेल आणि आजच दिलं, तर विचारून घ्यावं.

गैरसमज: इमोजी जोडला की रुक्षपणा जातो.

कुठे जोडला यावर ते आहे. “ये 🙂” यात इमोजीने टिंबाची जागा घेतली, म्हणून शब्द आणि हसू एकत्र पोचतात. “ये. 🙂” यात आधी वाक्य बंद झालं, मग हसू आलं. इतक्या लहान मेसेजमध्ये ते नंतर आठवून लावल्यासारखं, कधी टोमण्यासारखंही वाटतं. मेसेज दोन-तीन वाक्यांचा असेल, तर मात्र मधली टिंबं ठेवून शेवटी इमोजी दिला की तो सगळ्या मेसेजचा सूर सांगतो. “ये 🙂.” असं इमोजीनंतर टिंब देऊ नये, हसू दाखवून पुन्हा दार लावल्यासारखं होतं.

शिवाय इमोजीचा संकेतांक आणि नाव युनिकोड ठरवतं, चित्र मात्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. त्यामुळे तुमच्या फोनवरचं सौम्य हसू समोरच्या फोनवर थोडं वेगळं दिसू शकतं. नाजूक बाब असेल तर चित्रावर विसंबण्यापेक्षा ‘गं’, ‘ना’ किंवा एक जास्तीचा शब्द भरवशाचा.

गैरसमज: टिंब गाळून तरुण पोरं मराठीची जुनी शिस्त मोडताहेत.

मोडी पत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हतीच. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्द सलग लिहीत. मराठीत इंग्रजी वळणाची विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची, म्हणजे टिंबाची शिस्त मराठीइतकी जुनी नाही.

तरीही काही मेसेजना टिंबच शोभतं. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर “आज पाणी येणार नाही. टाकीतलं जपून वापरा.” असा मेसेज पडतो. ती सूचना आहे, गप्पा नाहीत, आणि तिच्या टिंबात कुणी राग शोधत नाही. त्यापुढे हसरा चेहरा लावला, तर उलट रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो झोंबेल. निधनाची बातमी, पैसे मिळाल्याची पोच, दवाखान्याची वेळ यांनाही हेच लागू. मात्र त्याच ग्रुपवर शेजारीण “टँकर मागवू का आपण?” असं विचारते, तेव्हा अध्यक्षांनी नुसतं “मागवा.” लिहिण्यापेक्षा “मागवा ना, पैसे वाटून घेऊ” लिहिलं, तर तिला परत विचारावं लागत नाही.